डिस्पॅचरच्या कार्डावरची एक ओळ

गेल्या रविवारी आमच्या बोर्ड गेम क्लबला दहा वर्षं झाली. अध्यक्ष या नात्याने भाषण मी केलं. भाषण चांगलं झालं, टाळ्याही पडल्या, आणि तरीही चार दिवस ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलोय.

कोल्हापुरात 'क्लब' म्हटलं की माणसाला आधी रमी आठवते. हॉल भाड्याने मागायला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "पैशावर खेळता काय?" नाही म्हटलं की समोरचा जरा निराशच होतो. अध्यक्षपद म्हणजे बाहेरच्यांना हार-तुरे वाटतात. खरं काम रात्री साडेनऊला सुरू होतं, सगळे निघून गेल्यावर एकेक खोका उघडून तुकडे मोजायचे. जून ते सप्टेंबर प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, कारण इथल्या पावसात पत्ते पापडासारखे वळतात, आणि वळलेला पत्ता पालथा पडला तरी लांबून ओळखू येतो. तसं झालं की त्या गड्डीत अर्थ राहत नाही. हे काम दहा वर्षांत दुसऱ्या कुणी मागून घेतलेलं नाही. हारांच्या वेळी मात्र गर्दी होते.

तर भाषण. खजिनदारांनी दहा मिनिटं दिली होती. प्रमुख पाहुण्यांनी त्यांच्या भाषणात आमच्या क्लबचा उल्लेख 'बुद्धिबळप्रेमी मंडळ' असा तीनदा केला, त्यात वीस मिनिटं गेली. लोकांचे डोळे जेवणाकडे लागले होते. मी लिहून आणलेली पानं खिशातच ठेवली आणि पडद्यावर एक फोटो लावला.

फोटो 2018च्या पावसाळ्यातला, मीच काढलेला. पट पँडेमिकचा. मॅट लीकॉकचा हा खेळ 2008 साली आला, म्हणजे कोरोनाच्या बराच आधी. यात खेळाडू एकमेकांविरुद्ध नसतात, सगळे मिळून खेळाविरुद्ध असतात. जगाच्या नकाशावर 48 शहरं, चार रंगांचे चार रोग, प्रत्येक रंगाचे 24 क्यूब. प्रत्येकाला आपल्या टर्नला चार चाली. टर्न संपला की संसर्गाचे पत्ते उलटायचे आणि त्या शहरांत एकेक क्यूब वाढवायचा. तीन क्यूब असलेल्या शहराचा पत्ता पुन्हा निघाला की चौथा ठेवायचा नाही, उद्रेक होतो आणि शेजारच्या प्रत्येक शहरात एकेक क्यूब जातो. तिथेही आधीच तीन असतील तर तिथेही उद्रेक. आठ उद्रेक झाले की हरलो. एखाद्या रंगाचा क्यूब ठेवायचाय आणि साठ्यात नाही, तरीही हरलो.

त्या दिवशी आम्ही चौघे होतो. मी डिस्पॅचर. या भूमिकेला दुसऱ्यांच्या सोंगट्या हलवता येतात, एका चालीत कुणालाही दुसऱ्या कुठल्याही सोंगटीपाशी आणून ठेवता येतं. माझ्यानंतर मेडिक, जो एका चालीत शहरातले त्या रंगाचे सगळे क्यूब उचलतो. मेडिक होत्या एक बँकेतल्या मॅडम, क्लबात त्यांचा तिसराच रविवार. त्यांच्यानंतर सायंटिस्ट म्हणून इंजिनिअरिंगचा एक पोरगा. औषध शोधायला हातात एका रंगाच्या शहरांची पाच कार्डं लागतात, सायंटिस्टला चार पुरतात. चौथा खेळाडू ऑपरेशन्स एक्स्पर्ट, त्याने कोलकात्यात संशोधन केंद्र बांधून ठेवलेलं.

माझ्या आधीच्याच टर्नला तिसरा एपिडेमिक येऊन गेला होता. म्हणजे संसर्गाचे उलटलेले पत्ते फेटून पुन्हा गड्डीच्या वर आलेले, तीच ती शहरं पुन्हा निघणार, आणि आता दर टर्नला तीन पत्ते. चेन्नई आणि दिल्लीत काळे तीन-तीन. बोगोटा आणि लिमात पिवळे तीन-तीन. पिवळ्यांच्या साठ्यात फक्त दोन क्यूब. उद्रेक चार झालेले.

मॅडमची सोंगटी बँकॉकला होती. त्या म्हणाल्या, "माझ्या टर्नला मी चेन्नईला जाते." मी म्हटलं, "चेन्नईचं नंतर बघू, आधी पिवळं." आणि माझ्या पहिल्या चालीत त्यांची सोंगटी उचलून बोगोटात माझ्याशेजारी ठेवली. उरलेल्या तीन चालींत ऑपरेशन्स एक्स्पर्टला किन्शासाहून लागोस, साओ पावलो करत ब्यूनस आयर्सला नेलं. मग त्यांच्या टर्नला मीच सांगितलं, बोगोटा साफ करा, लिमाला जा, लिमा साफ करा. त्यांनी केलं. सहा क्यूब परत आले. टर्नअखेर चेन्नईचा पत्ता निघाला, चेन्नई फुटलं, त्याच्या धक्क्याने दिल्लीही फुटली, उद्रेक चारचे सहा झाले. तरी शेवटी आम्ही जिंकलो. तो फोटो माझ्या टर्नच्या आधी मी मुद्दाम काढला होता, पुढे नवीन लोकांना 'हरलेला डाव कसा काढला' हे दाखवायला. दाखवलाही पुष्कळ वेळा.

त्या मॅडम पुढे दोनदा आल्या, मग बंद झाल्या.

भाषणात मी हे सगळं सांगितलं आणि कबूल केलं की अशा खेळात एकच माणूस चौघांचा डाव खेळायला लागतो आणि आमच्या क्लबात तो माणूस मी होतो. डिस्पॅचरच्या नियमातली ओळही वाचून दाखवली, की दुसऱ्याची सोंगटी हलवायची तर ज्याची आहे त्याची परवानगी लागते. एवढी वर्षं मी तो खेळ शिकवला आणि ही ओळ दर वेळी 'ते काय, आपल्यातच आहे' म्हणून गाळली. मग एक वाक्य टाकलं जे मला रात्री सुचलं होतं: खासबागेत बाहेरून 'ढाक लाव, ढाक लाव' म्हणून ओरडणारे हजार असतात, पण आखाड्यात उतरून पैलवानाचा हात धरून डाव टाकणारा कुणी पाहिलाय का? इथे टाळ्या पडल्या.

उपाय काय काय केले तेही सांगितलं. कार्डं झाकून खेळायला लावलं, त्याने काही झालं नाही, कारण कुणीही "माझ्याकडे दोन काळी आहेत" म्हणून सांगू शकतो आणि मग पुन्हा शहाणा माणूस हिशोब मांडायला मोकळा. मग हानाबी आणला. जपानीत हानाबी म्हणजे शोभेची दारू. यात आपली पानं आपण बघायचीच नाहीत, पाठ आपल्याकडे आणि चित्र इतरांकडे करून धरायची. टेबलावर आठ निळ्या चकत्या असतात, एक खर्च करून दुसऱ्याला त्याच्या पानांचा एक रंग किंवा एक आकडा सांगायचा, जास्त काही नाही. इथे एकट्याचं राज्य चालत नाही, कारण शहाण्या माणसाला स्वतःचीच पानं दिसत नाहीत. तरी मी वाट काढलीच. चुकीच्या पानाला कुणाचं बोट लागलं की मला खोकला यायचा. हे सांगितल्यावर हॉल हसला, कारण तो खोकला सगळ्यांच्या ओळखीचा होता.

जेवणाच्या रांगेत मागून कुणीतरी म्हणालं, "सर, ओळखलंत?"

त्याच मॅडम. जुन्या सगळ्या सभासदांना निमंत्रण गेलं होतं, ते मीच पाठवलं होतं, पण त्या येतील असं मनात आलं नव्हतं. मी गडबडलो, म्हटलं, "मॅडम, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर..."

"वाईट कशाला वाटंल? पण तुम्ही सांगितलं ते बरोबर नव्हतं. मी चेन्नईला क्यूब उचलायला चाललेच नव्हते."

"मग?"

"त्या पोराला चौथं काळं कार्ड पाहिजे होतं. चेन्नईचं माझ्याकडं होतं. फोटोत दिसतंय की खाली कोपऱ्यात." भाताचं ताट हातात घेऊन त्या पुढे म्हणाल्या, "मी सांगणारच होते, तेवढ्यात माझी सोंगटी अमेरिकेत गेली."

तेवढंच. मग त्यांनी तांबडा-पांढरा चांगला झालाय म्हणून सांगितलं आणि त्या ओळखीच्या बायकांत जाऊन बसल्या.

रात्री घरी फोटो मोठा करून बघितला. खालच्या कडेला चेन्नईचं काळं कार्ड, अर्धं कापलेलं पण स्पष्ट. पोरासमोर तीन काळी उघडी. मी पट मांडला.

कार्ड द्यायचं तर दोघंही त्या कार्डाच्या शहरात असावे लागतात. मॅडम बँकॉकहून एका चालीत चेन्नईला जातात, दुसऱ्या चालीत तिथले तिन्ही क्यूब साफ. टर्नअखेर चेन्नई निघालं तरी शून्याचा एक होतो, उद्रेक नाही, म्हणजे त्याच्या धक्क्याने दिल्लीही फुटत नाही. पोरगा होता कोलकात्याला, चेन्नईच्या शेजारी. त्याची पहिली चाल चेन्नईला येणं, दुसरी कार्ड घेणं, तिसरी कोलकात्याला परत, चौथी केंद्रात औषध. चार चाली, एकही वाया नाही. काळ्याचं औषध दोन टर्नमध्ये मिळालं असतं. आम्हाला ते कितीतरी उशिरा मिळालं होतं.

मी स्वतःला म्हटलं, ठीक आहे, पण पिवळ्याचं काय? मी पिवळं बघितलं नसतं तर तिथेच संपलो असतो. मग पिवळ्याचा हिशोब मांडला, आणि झोप गेली ती तिथे.

मॅडमना बोगोटात आणून ठेवल्यावर माझा टर्न संपला, त्यांचा सुरू व्हायचा होता. मधे तीन पत्ते उलटायचे होते. तेव्हा साठ्यात तेच दोन पिवळे क्यूब. लिमाचा पत्ता आला असता तर लिमा फुटून बोगोटाला ढकललं असतं, बोगोटा फुटलं असतं, दोन्ही मिळून सहा पिवळे क्यूब लागले असते. डाव तिथेच खलास. लिमा आलं नाही, बोगोटाही आलं नाही, एवढंच माझं कर्तृत्व. मी स्वतः बोगोटात उभा होतो. माझ्या चारपैकी तीन चालींत तिथले तीन क्यूब मीच उचलले असते तर साठा पाच झाला असता, आणि मग लिमा फुटलं तरी तीनच लागले असते. मॅडमना हात लावायची गरजच नव्हती. चारही चाली मी दुसऱ्यांच्या सोंगट्या हलवण्यात घालवल्या आणि पायाखालचा एकही क्यूब उचलला नाही.

हा फोटो मी नवीन लोकांना 'डाव कसा काढला' म्हणून दाखवत आलोय.

पट आवरला, क्यूब मोजले, शहाण्णव भरले. निमंत्रणाच्या यादीत मॅडमचा नंबर होताच. "तुमचंच बरोबर होतं, मी मांडून बघितलं" असं लिहिलं, हिशोबही लिहिला, चांगला पानभर. मग वाटलं, पुन्हा मीच सगळं सांगतोय. पुसलं. फोटो पाठवला आणि खाली एवढंच विचारलं की तुमची सोंगटी मी हलवली नसती, तर त्या टर्नला मला काय करायला सांगितलं असतं?

दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.