बी पॉझिटिव्ह म्हणजे मूळचे कुठले?

"आमच्या घरात, पाहुण्यांत, गल्लीत, जिकडं बघावं तिकडं बी पॉझिटिव्हच. तुम्ही रक्तपेढीत इतकी वर्षं आहात. नुसता रक्तगट बघून माणूस मूळचा कुठला, कोणत्या वंशाचा, ते ओळखता येत असेल ना?"

नाही येत. मलाच काय, जगात कुणालाच येत नाही. पण प्रश्न अगदीच हवेतून आलेला नाही, कारण रक्तगटांचं प्रमाण जगात सगळीकडं सारखं नसतं हे खरं आहे. आपल्याकडं साधारण तीन माणसांत एक बी गटाचा सापडतो. इंग्लंडात दहात एकसुद्धा धड मिळत नाही. एवढा फरक असूनही ओळख का पटत नाही, ते नीट सांगावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी एका घराची गोष्ट. सोलापूरच्या पूर्व भागातलं रक्तदान शिबिर होतं. यंत्रमागवाल्यांचं एक कुटुंब आलं होतं, आई-वडील आणि तीन मोठी मुलं. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. शिबिरात आम्ही पांढऱ्या टाइलवर प्रत्येकाच्या रक्ताचे तीन थेंब ठेवतो. त्यांत तपासणीचं द्रव घालतो. एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, तिसऱ्यात पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते सांगणारं बिनरंगाचं अँटी-डी. काडीनं ढवळायचं आणि टाइल हलक्या हातानं डोलवायची. जिथं जुळतं तिथं दूध फाटावं तसं रक्त रवाळ होतं, बाकीचे थेंब गुळगुळीत लाल राहतात. वडिलांचा निळा थेंब फाटला, म्हणजे ए. आईचा पिवळा, म्हणजे बी. थोरल्याचे दोन्ही गुळगुळीत राहिले, म्हणजे ओ. धाकट्याचे दोन्ही फाटले, एबी. मुलगी आईसारखी बी.

आईचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "साहेब, आमच्या दोघांचा नाही तो गट ह्याला कुठनं आला?"

मी त्यांना बाजूला खुर्चीवर बसवून सांगितलं. प्रत्येकाकडं या गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. ओ ची प्रत ए किंवा बी च्या शेजारी असली की ती चाचणीत दिसत नाही, पण पुढं जाते. वडील ए आणि ओ, आई बी आणि ओ. थोरल्याला दोघांकडून ओ आला, धाकट्याला एकाकडून ए आणि दुसरीकडून बी. अशा जोडप्याला चारही गटांची मुलं होऊ शकतात, प्रत्येक गटाची शक्यता सारखीच, चारात एक. हे कळल्यावर बाईंनी थोरल्याच्या पाठीवरून जो हात फिरवला, तो मी विसरलो नाही.

आता हे घर डोळ्यांसमोर ठेवून विचार करा. एकाच आई-बापाची लेकरं तीन वेगळ्या गटांत पडली. थोरल्याचा गट सख्ख्या भावाशी जुळत नाही, पण पेरूतल्या एखाद्या आदिवासी माणसाशी जुळतो, कारण दक्षिण अमेरिकेतले मूळ रहिवासी जवळजवळ सगळे ओ गटाचे आहेत. रक्तगट सख्खे भाऊ वेगळे करतो आणि सात समुद्रांपलीकडच्यांना एकत्र बसवतो. अशा खुणेवरून घराणं कसं सांगणार?

तरी कुणी म्हणेल, एका घराचं सोडा, मोठ्या आकड्यांवरून तर कळेल? हा प्रयत्न शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ग्रीसमधल्या सॅलोनिकाला अनेक देशांचं सैन्य जमलं होतं. तिथं लुडविक आणि हांका हिर्झफेल्ड हे डॉक्टर जोडपं होतं. त्यांनी हजारो सैनिकांचे रक्तगट तपासले आणि 1919 साली आकडे छापले. त्यात ब्रिटिश फौजेबरोबर गेलेले आपले हिंदी शिपाईही होते. त्यांच्यात शंभरात 41 बी, 19 ए, 31 ओ आणि साधारण साडेआठ एबी निघाले. इंग्रजांत 43 ए, 46 ओ, बी फक्त सात आणि एबी तीन. गटांचं प्रमाण लोकांलोकांत बदलतं हे जगाला या कामानं दाखवलं. त्यावरून ए आणि बी असे माणसांचे दोन मूळ वंश असावेत आणि बी चा उगम हिंदुस्थानात असावा, असाही तर्क त्यांनी केला. आकडे पक्के होते, तर्क टिकला नाही.

तेच आकडे घेऊन आपण ओळखण्याचा प्रयत्न करून बघू. समजा एका तंबूत 1000 हिंदी आणि 1000 इंग्रज शिपाई आहेत. पडद्याआडून फक्त रक्तगट कळतो आणि माणूस कुठला ते सांगायचं. शहाणा माणूस म्हणेल, बी किंवा एबी आला की हिंदी, ए किंवा ओ आला की इंग्रज. यापेक्षा चांगला नियम या आकड्यांतून निघत नाही. मग हिंदींपैकी 412 बी आणि 85 एबी बरोबर ओळखले गेले, इंग्रजांपैकी 434 ए आणि 464 ओ. एकूण 1395. म्हणजे 605 माणसं चुकली, आणि त्यात हिंदींपैकी निम्मे. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी हजार बरोबर आलेच असते.

आणि हा सगळ्यात सोपा डाव होता. लोक दोनच, संख्या सारखी, आणि फरक मोठा. संख्या बदलली की तोच गट वेगळं बोलू लागतो. तंबूत 1000 इंग्रज आणि फक्त 10 हिंदी ठेवा. आता बी गटाचे इंग्रज 72 आणि हिंदी चार. बी दिसला म्हणून हिंदी म्हणालात, तर बहुतेक वेळा चुकाल. शंभरात एकेचाळीस हा आकडा गर्दीचा आहे. समोर बसलेल्या एकट्या माणसाकडं एकेचाळीस टक्के बी नसतो. तो बी असतो किंवा नसतो.

सोलापुरात तर हे आणखी अवघड. इथं मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात नांदतात. यांच्यातले फरक हिंदी आणि इंग्रज यांच्यातल्या फरकाच्या मानानं किरकोळ. जिथं तो मोठा फरक पुरला नाही, तिथं हा काय पुरणार?

मग मुळात प्रमाण बदलतं का? मी लोकांना ज्वारीचं उदाहरण देतो. तीन-चार वाणांची ज्वारी मिसळलेली मोठी रास समजा. त्यातून पोतंभर उचललीत तर मिश्रण राशीसारखंच येईल. पण मूठभर उचलली तर एखादं वाण जास्त येईल, एखादं अजिबात येणार नाही. आता त्या मुठीचं बियाणं करून नवं रान पेरलं, तर सगळं रान त्या मुठीसारखं होणार. माणसं अशीच मुठी-मुठीनं नव्या मुलखांत गेली. अमेरिका खंडात पहिल्यांदा पोचलेल्या लोकांचं बहुधा असंच झालं, म्हणून तिथं खाली दक्षिणेत ओ च ओ. छोट्या वस्तीत पुढच्या पिढ्यांतही हा योगायोग चालू राहतो.

दुसरं कारण आजार. ओ गटाच्या माणसाला हिवताप होत नाही असं मुळीच नाही, पण फाल्सिपेरम हिवतापाचं जीवघेणं रूप त्यांच्यात कमी दिसतं. ए आणि बी च्या तांबड्या पेशी त्या आजारात जास्त घट्ट चिकटून बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. उलट पटकीनं ओ वाल्यांना जास्त जबर गाठलं. कुठल्या मुलखात कुठली साथ किती पिढ्या राहिली, त्याप्रमाणं तराजू थोडा इकडं-तिकडं झुकतो.

यातलं कुठलंच कारण एखाद्या समाजाला नवा, स्वतःचा गट देत नाही. ए आणि बी माणसाच्याही आधीचे आहेत. गिबन वानरांतही ए-बी चा हाच भेद आहे आणि तो समान पूर्वजांपासून चालत आल्याचं जनुकांवरून दिसतं. सगळ्या मानवजातीनं एकाच राशीतून धान्य घेतलं. बी चं प्रमाण आपल्याकडून पश्चिम युरोपाकडं जाताना हळूहळू उतरत जातं, मधे कुठं बांध लागत नाही.

हिर्झफेल्डांचं पुढं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. ते ज्यू कुटुंबात जन्मले होते. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांना वॉर्साच्या घेटोत कोंडलं. जर्मनीत तेव्हा वंश आणि रक्त यांचा केवढा गजर होता. पण ज्यू कोण ते ठरवताना त्यांच्या कायद्यानं रक्तगट तपासला नाही. आजी-आजोबा कुठल्या धर्मसंस्थेचे होते त्याच्या नोंदी तपासल्या. रक्तातून ते कळत नव्हतंच.

आणखी एक नाव लोक पुढं करतात, बॉम्बे गट. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 साली मुंबईत तो पहिल्यांदा नोंदवला, म्हणून हे नाव. त्यावरून तो मुंबईकराचा किंवा मराठी माणसाचा गट असं वाटतं. पण असे लोक रेयुनियन बेटावरही आहेत. या लोकांच्या पेशींवर 'एच' नावाचा पायाच नसतो, आणि त्या पायावरच ए किंवा बी चढतो. म्हणून टाइलवर दोन्ही थेंब गुळगुळीत राहतात आणि वरवर गट ओ वाटतो. लबाडी उघडी पडते ती उलट तपासणीत. रुग्णाचा सीरम, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग, ओ पेशींवर टाकला की त्याही फाटतात, आणि ओ ची एकही पिशवी जुळत नाही.

अशा वेळी आमच्याकडं दुर्मिळ दात्यांच्या यादीतले फोन सुरू होतात. पण त्याआधी नातेवाइकांना विचारतो, सख्खी भावंडं किती? आई-वडिलांचा दोघांचा गट साधा असला तर प्रत्येक भावंडाचा गट रुग्णासारखा निघण्याची शक्यता चारात एक. मग ज्या गावात असतील तिथून त्यांना बोलावतो, आणि आल्यावर एकेकाचा थेंब टाइलवर घेतो.