स्मॉल, स्ट्राँग, एक्स्ट्रा हॉट

मेलबर्नमधे सकाळी आठ वाजता कॉफीच्या खिडकीपुढे उभं राहिलं की आपल्याला एक अख्खं वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे, कारण मागे ट्राम पकडायच्या घाईत असलेली दहा माणसं उभी असतात आणि काऊंटरवरची मुलगी हसतमुख असली तरी तिच्या हातात मार्कर उघडा असतो. आधी साईझ, मग स्ट्राँग हवी का, मग दूध कुठलं, मग कॉफीचं नाव, मग साखर किती, आणि शेवटी आपलं नाव. "स्मॉल स्ट्राँग स्किम फ्लॅट व्हाईट, वन शुगर, टेकअवे." एवढं म्हटलं की तिचा पुढचा प्रश्न एकच, नाव काय. हे जमलं नाही तर तेच सगळं ती एकेक करून विचारते आणि मागच्या रांगेतून कोणीतरी घसा खाकरतं.

माझी भाची मृण्मयी, पाचपाखाडीची, यंदा तिकडे मास्टर्सला गेली. मी स्वतः तिथे शिकून परत ठाण्याला येऊन बसलेय त्यामुळे घरात मेलबर्न या विषयातली तज्ज्ञ मीच. सकाळी उठले की तिचे व्हॉइस मेसेज येऊन पडलेले असतात, आणि पहिल्या आठवड्यातले निम्मे मेसेज कॉफीबद्दल होते. "मावशी, अगं लार्ज घेतली, साडेसहा डॉलर गेले, आणि नुसतं कोमट दूध प्यायल्यासारखं वाटतंय, कॉफी कुठेय यात?"

आता हे नीट समजून घ्यायला थोडं गणित करावं लागतं, पण सोपंय. तिथे टेकअवेचे कप साधारण दोन, स्मॉल म्हणजे आठ औंस आणि लार्ज म्हणजे बारा औंस, आपल्या भाषेत अंदाजे 240 आणि 355 मिली. मशीनमधून काढलेल्या दाट कॉफीचा एक शॉट साधारण 30 मिलीचा. स्मॉलमधे वरची कड सोडली तर 220 मिली धरा, म्हणजे 30 कॉफी आणि 190 दूध, एकास सहाच्या आसपास. बऱ्याच ठिकाणी लार्जमधे आपोआप दोन शॉट घालतात, तिथे हिशोब बरा बसतो. पण जिथे लार्जमधेही एकच शॉट घालतात तिथे एकास दहा होतं, आणि मृण्मयीला नेमकं तसलंच दुकान मिळालं होतं. म्हणजे कप मोठा झाला की कॉफी वाढेलच असं नाही, दूध मात्र नक्की वाढतं. कळायचं कसं, तर पैसे द्यायच्या आधी विचारायचं, लार्जमधे किती शॉट? यात लाजण्यासारखं काही नाही, तिथली माणसं रोज विचारतात. आणि स्वाद हवा असेल तर लार्जच्या नादाला न लागता स्मॉल स्ट्राँग सांगायची, म्हणजे आठ औंसाच्या कपात दोन शॉट, एकास तीनपेक्षाही कमी दूध, वरचे पन्नास-साठ सेंट पडतात पण वसूल होतात.

(अमेरिकन साखळी दुकानांत तर अजून गंमत आहे, तिकडे सोळा औंसाच्या ग्रांडे लातेमधेही दोन शॉट आणि वीस औंसाच्या गरम व्हेंटीमधेही दोनच. वरचे पैसे दुधाचे. स्टारबक्स ऑस्ट्रेलियात 2000 साली गेलं आणि 2008 मधे 84 पैकी 61 दुकानं बंद करून बसलं, त्याची कारणं बरीच सांगतात पण मेलबर्नवाल्यांना विचाराल तर ते नुसते भुवया उडवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या इटालियन लोकांनी या शहराला मशीनच्या कॉफीची चटक लावली, बर्क स्ट्रीटवरचा पेलेग्रिनीज एस्प्रेसो बार 1954 पासून चालू आहे, त्यांना कोण काय शिकवणार.)

मग मृण्मयीचा पुढचा प्रश्न, फ्लॅट व्हाईट आणि लाते यात फरक काय, कारण मेन्यूवर तर दोन्हीची किंमत एकच आहे. कॅफेत बसून प्यायलात तर फरक दिसतो, लाते काचेच्या ग्लासात येते आणि वर बोटभर नाही तरी साधारण सेंटिमीटरभर फेस असतो, फ्लॅट व्हाईट कपात येते आणि तिच्यावरचा थर त्याच्या निम्मा, पातळ आणि चकचकीत. कॅपुचिनोवर फेस सगळ्यात जास्त आणि वरून चॉकलेट पावडर, ती तिकडे न मागता मिळते. पण माझं स्पष्ट मत आहे की टेकअवेच्या कागदी कपात, वर प्लास्टिकचं झाकण लावून, त्या एवढ्याशा भोकातून प्यायचं असेल तर फ्लॅट व्हाईट आणि लातेवर वाद घालणं म्हणजे निव्वळ टाईमपास. शॉट तोच, दूध तेच, फेस झाकणाला चिकटतो. त्यापेक्षा स्ट्रेंग्थ आणि गरमपणा या दोन गोष्टींवर तोंड उघडावं.

गरमपणाचं जरा सविस्तर सांगते कारण तिथे आपल्या लोकांचं खरं दुखणं असतं. आपल्याकडे कॉफी म्हणजे दूध उकळलं पाहिजे, वर साय धरली पाहिजे, जायफळ किसलेलं असलं पाहिजे आणि पहिला घोट जीभ भाजून गेला पाहिजे. तिकडचा बरिस्ता, म्हणजे मशीनवर कॉफी करणारा, दूध वाफेवर 60 ते 65 डिग्रीपर्यंत नेतो आणि थांबतो. जगच्या बुडाला तळहात लावून बसतो आणि हात ठेववेनासा झाला की वाफ बंद, मग जग टेबलावर आपटून मोठे बुडबुडे मोडतो आणि गोल गोल फिरवतो. त्या तापमानाला दूध सगळ्यात गोड लागतं आणि फेस रेशमासारखा राहतो. 70 च्या वर गेलं की प्रथिनं बिघडतात, फेस कोरडा आणि राठ होतो, आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. गंमत म्हणजे तो त्यांना जळका वाटणारा वास आपल्याला थेट घरचा वाटतो. म्हणून "एक्स्ट्रा हॉट" सांगायचं. काही बरिस्तांचा चेहरा किंचित पडतो, पडू दे, देतात. फक्त त्यावर पान-हृदयाची नक्षी मागू नये, तेवढ्या गरम दुधात ती नीट उठत नाही.

साखरेचंही तसंच. टेबलावर पुड्या असतात, पण टेकअवेला ऑर्डर देतानाच सांगितलं तर ते शॉटमधेच घालून ढवळून देतात, नुसतं "विथ वन" म्हटलं तरी कळतं. मागाहून झाकण काढून फेसावर साखर ओतत बसलं की ती वरच तरंगते आणि ट्राम निघून जाते. कप तयार झाला की झाकणावर मार्करने लिहिलेलं असतं, लातेला एल, फ्लॅट व्हाईटला एफडब्ल्यू, शिवाय साखरेचा आकडा. उचलायच्या आधी ते वाचायचं, कारण सगळे कप बाहेरून सारखे आणि हाक मारली की तीन जण हात पुढे करतात. मृण्मयीने नाव "माया" सांगायला सुरुवात केली आहे, ताईला ते अजिबात आवडलेलं नाही पण कॉफीपुरतं ठीक आहे.

काळी पिणाऱ्यांसाठी एकच. नुसतं ब्लॅक कॉफी म्हणू नका, समोरून लगेच विचारतात लाँग ब्लॅक का. लाँग ब्लॅकमधे आधी गरम पाणी आणि त्यावर दोन शॉट, त्यामुळे वरची सोनेरी साय तशीच राहते. शॉर्ट ब्लॅक म्हणजे नुसता एस्प्रेसो, दोन घोटात खेळ खलास. आणि आपल्या कॉलेजवाली कोल्ड कॉफी डोक्यात ठेवून आईस्ड कॉफी मागितलीत तर बऱ्याच ठिकाणी वर व्हॅनिला आईस्क्रीमचा गोळा येतो, साधं थंड दूध-कॉफी-बर्फ हवं असेल तर आईस्ड लाते म्हणायचं.

कपाचं प्रकरण वेगळंच. ताईने निघताना राम मारुती रोडवरून तिला चांगला अर्धा लिटरचा उभा स्टीलचा टंबलर घेऊन दिला, दिवसभर गरम राहतो म्हणून. झालं काय की तो मशीनच्या नळीखाली बसतच नाही, बरिस्ताला शॉट वेगळ्या भांड्यात काढून ओतावा लागतो आणि त्यात स्मॉल कॉफी म्हणजे विहिरीत तळाशी पाणी. कीपकप नावाचा जो पुन्हा वापरायचा कप आहे तो मेलबर्नमधेच 2009 साली एका कॅफेवाल्या भाऊ-बहिणीने काढला, आणि तो चालला याचं मोठं कारण हे की त्यांनी तो कागदी कपाच्याच मापात, मशीनखाली बसेल असा बनवला, आठ औंस आणि बारा औंस. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो त्यामुळे तो रद्दीबरोबर सहज जात नाही, हे तिथल्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. स्वतःचा कप देताना धुतलेला आणि झाकण काढून द्यायचा, काही ठिकाणी पन्नास सेंट कमी करतात, काही ठिकाणी नुसतं थँक्यू.

पैशाचं म्हणाल तर स्मॉलला साडेपाच डॉलर धरा, आपले तीनशेच्या वर. ओट किंवा बदामाचं दूध घेतलं की त्याचे वेगळे, आणि रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी बिलावर दहा-पंधरा टक्के सरचार्ज, कारण त्या दिवशी कामगारांना पगार जास्त द्यावा लागतो. पाटी लावलेली असते, वाचायची. आणि सगळ्यात मोठा धक्का म्हणजे कॅफे दुपारी तीन-चारला खुर्च्या उलट्या ठेवून मोकळे. आपल्याला जेव्हा संध्याकाळच्या चहाची तलफ येते तेव्हा ते फरशी पुसत असतात. मृण्मयीचं लेक्चर पाचला सुटतं, त्यामुळे संध्याकाळचं खोलीवरच, ताईने दिलेल्या गाळणीत.

सकाळची मात्र आता सेट झाली आहे, स्मॉल स्ट्राँग फ्लॅट व्हाईट, एक्स्ट्रा हॉट, विथ वन. दुकानाने शिक्क्यांचं कार्ड दिलंय, नऊ कप घेतले की दहावा फुकट, साईझ कुठलाही. लार्ज म्हणजे नुसतं दूध असं मी तिला एवढं समजावलं, तिला पटलंही, आणि फुकटच्या कपाला बाईसाहेबांनी लार्जच घेतली, वर ओट मिल्क. ठाणेकर आहे शेवटी. त्यांनी ओटचे ऐंशी सेंट लावलेच, आणि त्यावरचा तिचा व्हॉइस मेसेज चार मिनिटांचा आहे.