सराफ नको, एवढंच लिहायचं राहिलं

सांगलीतल्या एका पतसंस्थेत मी सोनेतारण बघते. बुधवारी दुपारी तारण तपासणीत एक पिशवी उघडली, आत पाटल्यांची जोडी. दगडावर कस घेतला, ॲसिड लावलं, रंग हलला नाही. पण हाताला काहीतरी खटकलं. आमच्याकडं कस लागला की विषय संपला असं सगळे धरून चालतात, पण कस फक्त वरच्या कातडीचा लागतो, पत्रा जाड असला की दगड फसतो.

म्हणून पाण्याचा काटा केला. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून शून्य करायचं, पाटली दोऱ्यानं पाण्यात सोडायची, तळाला टेकू द्यायची नाही, बुडबुडे झटकायचे. पाटली 40.20 ग्रॅम, पाण्यात काट्यानं दाखवले 3.35, भागाकार बरोबर 12. भरीव 22 कॅरेटला साडेसतरा ते अठरा यायला पाहिजे. (पोकळ किंवा लाख भरलेल्या दागिन्याला ही युक्ती चालत नाही, पण या पाटल्या भरीव म्हणून नोंदवलेल्या.) त्याच महिन्यातल्या अजून दोन पिशव्या काढल्या, तेच. तिन्हीवर एकाच सराफाची सही.

आता चेअरमनना आजच बोलवायला हवं होतं, कारण सील मी आणि कॅशियरनं तोडलेलं, रात्र गेली की उद्या कोणीही म्हणेल तुम्हीच बदललंय. आणि उद्या अकराला तोच सराफ नवीन तारणाला बसणार होता.

पण चेअरमनचं खतांचं दुकान, फोन काउंटरवर उताणा पडलेला, मेसेज गिऱ्हाईकसुद्धा वाचतं. 'बनावट सोनं' लिहिलं असतं तर सकाळी दारात ठेवीदारांची रांग लागली असती. मग 'काळजीचं कारण नाही' लिहिलं आणि तेही पुसलं, कारण ते वाचलं की माणूस काळजीच करतो. 'ठेवी सुरक्षित आहेत' तर त्याहून वाईट, कोणी विचारलं होतं?

शेवटी पाठवलं: "साहेब, आज साडेपाचला शाखेत अर्धा तास हवाय. तारण तपासणीतल्या तीन पिशव्या पुन्हा सील करायच्यात, आजच्याच तारखेनं तुमची सही लागेल. बाकीचं समोर बोलू."

मला वाटलं, जमलं. खोटं काही नाही, आजच का तेही आलं.

साहेब पावणेसहाला आले, गाडीवर मागं सराफ. "म्हटलं तारणाचं काम, तर यांनाही घेऊन यावं."

तेव्हापासून विचार करतेय. 'एकटे या' लिहिलं असतं तर साहेब घाबरूनच आले असते. 'सराफांची गरज नाही' लिहिलं असतं तर चाललं असतं, पण ते सुचलं आत्ता. साहेबांनाही एक फोन करून विचारता आलं असतं म्हणा.

सराफानं टेबलाकडं बघितलं. पाण्याचं भांडं, दोरा, काटा तसाच चालू. कोणी काही बोललं नव्हतं, तरी त्यानं खुर्ची ओढली नाही, उभाच राहिला.