आमची वाटचाल : दुसरी व्हीएमसी एक वर्ष थांबून घेतली

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत आम्ही दोघे भाऊ भागीदारीत मशीन शॉप चालवतो. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही पंपाच्या बॉडी आणि व्हॉल्व्हची बोनेट मशीनिंग करून देतो. एक व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी मशीन, दोन पाळ्यांत भरून गेली तेव्हा दुसरी घ्यायचं ठरलं. मशीन चाळीस लाखांची, त्यातले तीस लाख बँक द्यायला तयार होती. दादा म्हणाला, "बँक देतेय म्हणजे आपला ताळेबंद चांगलाच असणार." मला मात्र तो आधी स्वतः तपासायचा होता.

३१ मार्चला आमचं भांडवल ६० लाख होतं. मुदत कर्ज ४५, कॅश क्रेडिट म्हणजे सीसी या ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा पैसे काढायच्या खात्यातली उचल २५ आणि घरच्या माणसांकडून घेतलेले २५ असं एकूण कर्ज ९५ लाख. कर्जाला भांडवलाने भागिलं की डेट-इक्विटी १.५८ येते. बँकेच्या कागदावर मात्र ०.८२ लिहिलं होतं. घरचे पैसे बँकेचं कर्ज फिटेपर्यंत काढणार नाही असं आम्ही लिहून दिलं होतं, म्हणून बँकेने ते २५ लाख कर्जातून उचलून भांडवलात टाकले. तशी रीत आहे आणि बँकेच्या बाजूने ती बरोबरही आहे, कारण वसुलीत तिचा नंबर पहिला लागतो. पण घरच्यांना आम्ही १२ टक्के व्याज देतो आणि ते पैसे कधीतरी परत करायचे आहेत. आमच्या हिशोबात ते कर्जच.

पुढचा घोळ ३१ मार्च या तारखेचाच. वर्षअखेरीला गिऱ्हाइकं थकलेली बिलं मोकळी करतात, त्यामुळे त्या दिवशी सीसीचं खातं सडपातळ दिसतं. ऑगस्टमध्ये पाहिलं तर ते मर्यादेला टेकलेलं असतं. हे पकडायची सोपी खूण म्हणजे व्याज. नफा-तोटा पत्रकात वर्षाचं व्याज १२ लाख होतं. त्यातले ३ लाख घरच्यांचे, उरलेले ९ लाख बँकेचे. बँकेचा दर साडेदहा टक्के, म्हणजे वर्षभर बँकेचं सरासरी ८५-८६ लाख कर्ज आमच्या डोक्यावर होतं, ताळेबंदात दिसतं तेवढं ७० नव्हे. थोडा फरक मुदत कर्जाचे हप्ते फिटत गेल्याचा, बाकी सीसीचा. घरचे २५ मिळवले की ११० होतात आणि डेट-इक्विटी १.८३ वर जाते. दुसऱ्या कुणाचा ताळेबंद हातात आला तरी मी आता आधी हाच भागाकार करतो.

आता व्याज पेलतंय का ते. व्याज आणि कर देण्याआधीचा नफा ३० लाख, व्याज १२ लाख, म्हणजे कव्हरेज अडीच पट. (आमचा पगार वजा करून हे ३० लाख उरतात. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालकाचा पगार खर्चात धरलेला नसतो, त्यामुळे तिथला आकडा उगाच गुबगुबीत दिसतो.) नवी मशीन आली की व्याज १५ लाख होणार आणि तिचा पहिल्या वर्षाचा १५ टक्क्यांनी ६ लाख घसारा लागणार. काम वाढलं नाही तर नफा २४ वर येतो आणि कव्हरेज १.६ वर. इथपर्यंत दादालाही पटत होतं.

मग विक्री दहा टक्क्यांनी पडली तर काय, ते मांडलं. तीन कोटींच्या विक्रीत टूल्स, वीज, बाहेरचं काम असा कामाबरोबर कमीजास्त होणारा खर्च ५५ टक्के. उरलेले ४५ टक्के पगार, भाडं आणि घसारा भागवतात, आणि हे खर्च काम घटलं म्हणून घटत नाहीत. म्हणजे तीस लाखांची विक्री गेली की साडेतेरा लाख नफ्यातून सरळ जातात. २४ चे साडेदहा उरतात, व्याज १५. कव्हरेज ०.७. डेट-इक्विटीला याचा पत्ताच लागत नाही, ती त्या वर्षी जवळपास तशीच दिसली असती. आणि या गणितात मुद्दल अजून आलेलंच नाही. ते व्याज भागल्यावर द्यायचं असतं.

पंपवाल्या गिऱ्हाइकाकडे वर्षाचं शेड्यूल मागितलं तर तोंडी आश्वासन मिळालं. तेवढ्यावर मशीन घ्यायची नाही असं ठरवून आम्ही वर्षभर जादा काम बाहेरून करून घेतलं. त्यात मार्जिन कमी सुटलं, दादाची कुरकुरही झाली. पण तेवढ्यात जुन्या मुदत कर्जाचे दहा लाख फिटले, दोघांनी घरखर्चाची उचल आवरली आणि भांडवल ७२ लाखांवर गेलं. पुढच्या वर्षी शेड्यूल लेखी आल्यावर मशीन घेतली, तीही बँकेकडून तीसऐवजी बावीस लाखच घेऊन.