आमची वाटचाल : दोनशे बारा पाहुणे आणि एक रांग

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आम्ही नवरा-बायको लग्नांच्या बैठक-याद्या करून देतो. इथे पंगत नसते. प्रत्येकाचं टेबल आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे चूक झाली तर ती सगळ्या हॉलसमोर होते.

सुरुवातीला आमच्यासोबत एक भागीदार होता. तक्ता मात्र माझा. दर आमंत्रणाला नाही, दर माणसाला एक ओळ : नाव, घराचा क्रमांक, टेबल, जेवण, नोंद. साठ इंची गोल टेबलावर दहाजण बसतात, पण दाटीनं. घरात अकराजण असतील तर दहा आणि एक असं कधीही करू नका. सहा आणि पाच करा आणि शेजारची दोन टेबलं द्या. व्हीलचेअर असेल तर एक खुर्ची काढून टाका, टेबल दाराजवळ आणि डीजेच्या स्पीकरपासून लांब ठेवा.

दोनशे बारा पाहुण्यांचं एक लग्न होतं. आदल्या संध्याकाळी हॉलवाल्यांनी नावं वर्णानुक्रमानं मागितली. भागीदारानं फक्त नावांचा रकाना निवडला. एक्सेलनं विचारलं, तेव्हा त्यानं "Expand the selection" सोडून "Continue with the current selection" दाबलं. नावं हलली, बाकी सगळं जागच्या जागी राहिलं.

मी एकेका टेबलावरची माणसं मोजली. सातव्या टेबलासाठी :

```
=COUNTIF(C:C,7)
```

दहा आले. सगळ्याच टेबलांचे आकडे बरोबर आले, कारण टेबलाचा रकाना हललाच नव्हता. मी यादी पाठवून दिली.

रात्री दहाला नवऱ्या मुलाच्या आईचा, काकूंचा फोन आला. "अगं, आमच्या सासूबाई डीजेपाशी कशा?" मी तक्ता उघडला. एकाच घरक्रमांकाखाली तीन आडनावं! शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या भाच्याची नोंद भलत्याच गृहस्थांपुढे गेली होती. पहाटे चारपर्यंत आम्ही दोघांनी आलेली उत्तरपत्रं एकेक करून परत जुळवली. भागीदार घरी झोपला होता.

महिन्याभरात तो वेगळा झाला आणि माझाच तक्ता स्वतःची पद्धत म्हणून विकू लागला. सहा महिने आमच्याकडे एकही काम नव्हतं. हे मला आजही सलतं.

आता प्रत्येक ओळीला न बदलणारा क्रमांक असतो. मूळ यादीला कुणी हात लावत नाही, क्रम लावायचा तो प्रतीवर. तुम्हीही यादी हातातून सोडण्याआधी बेरजेवर विसंबू नका. कुठलीही पाच घरं घ्या आणि आडनावं जुळतात का बघा.

त्या कोरड्या सहा महिन्यांनंतर पहिलं काम काकूंनीच दिलं, मुलीच्या लग्नाचं. हॉलमध्ये शिरल्या त्या थेट दाराजवळच्या टेबलाशी गेल्या आणि खुर्च्या मोजल्या. नऊ होत्या.