राजीनाम्याआधी कागद

«मर्जर झालं आणि आता माझी जागाच उरलेली नाही. एचआर म्हणतंय, स्वतःहून राजीनामा द्या, सव्वानऊ लाखांचं पॅकेज देतो. देऊ का राजीनामा?»

आज देऊ नका. आधी त्या सव्वानऊ लाखांची फोड लेखी मागा. ही फोड हातात आल्यावर बहुतेकांचे डोळे उघडतात, कारण पॅकेज या शब्दाखाली दोन वेगवेगळे पैसे एकत्र बांधलेले असतात. एक तुमच्या हक्काचे, जे कंपनीने तुम्हाला काढून टाकलं असतं तरी मिळालेच असते. दुसरे, तुम्ही भांडण न करता जावं म्हणून कंपनी देते ते. वाटाघाट फक्त दुसऱ्यावर होते.

एक उदाहरण घेऊ. वय ४३, नोकरी ११ वर्षं, महिन्याचा एकूण पगार १,४०,०००, त्यात मूळ पगार ७०,०००. करारात तीन महिन्यांची नोटीस, शिल्लक रजा ३० दिवस. ग्रॅच्युइटी म्हणजे मूळ पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले ११ वर्षं, होतात ४,४४,२३१. रजेचे पैसे मूळ पगारावर धरले तर ७०,०००. नोटिशीचा पगार ४,२०,०००. बेरीज ९,३४,२३१. झालं की सव्वानऊ लाख! म्हणजे जागा सोडण्याबद्दल कंपनीने एक रुपयाही जास्तीचा देऊ केलेला नाही, आणि बदल्यात तुमची सही मात्र घेतेय.

ही बेरीज करण्याआधी रुजू झाल्याची तारीख तपासा. विलीनीकरणानंतर कर्मचाऱ्यांची माहिती नव्या कंपनीच्या सिस्टीममध्ये चढवताना ‘रुजू दिनांक’ या रकान्यात मर्जरची तारीख पडणं ही नेहमीची चूक. मग मर्जर दोन वर्षांपूर्वीचं असेल तर ११ वर्षांची नोकरी कागदावर दोन वर्षांची दिसते, ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अटच पुरी होत नाही आणि पॅकेजही दोनच वर्षांवर मोजलं जातं. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या विलीनीकरण योजनेत कर्मचाऱ्यांबद्दलचं एक कलम असतं. त्यात बहुधा लिहिलेलं असतं की जुन्या कंपनीतले लोक सेवेत खंड न पडता, आधीपेक्षा कमी नाहीत अशा अटींवर नव्या कंपनीत येतील. त्या कलमाची प्रत आणि जुनं नेमणूकपत्र मेलला जोडा आणि तारीख दुरुस्त करून घ्या. हे आधी, पैशाचं बोलणं नंतर.

आता जास्तीचे किती मागायचे? कामगार कायद्यात कपात झालेल्या कामगाराला दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. मॅनेजर लोकांना हा कायदा सहसा लागू होत नाही, पण ते हुद्द्यावरून नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं. नावाला मॅनेजर आणि हाताखाली कुणीच नाही, अशांनी कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा विचारावं. लागू नसला तरी माप म्हणून तो आकडा चांगला आहे. आपल्या उदाहरणात अर्धा महिना गुणिले ११ म्हणजे ७,७०,०००, हक्काच्या पैशांशिवाय. माझ्या मते हा तळ धरावा आणि मागणी वर्षाला एक महिना, म्हणजे १५,४०,००० पासून सुरू करावी. मागणी एकाच मेलमध्ये, आकड्यांसह करा. तुमच्या बाजूने असतं ते दुःख नाही, वेळ असते: कंपनीला ठरावीक तारखेआधी जागा कमी करायच्या असतात, आणि तुमच्याकडची कामं, ग्राहक, जुन्या सिस्टीमची माहिती नीट हातात हवी असते. म्हणून कामं सोपवण्याचं वेळापत्रक पॅकेजच्या कागदातच घाला.

आयकराचा हिशेब इथेच करायचा. स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईवर ५ लाखांपर्यंत सूट आहे, आयुष्यात एकदाच. पण त्यासाठी कंपनीची रीतसर योजना लागते: १० वर्षं नोकरी झालेल्या किंवा ४० वर्षं पूर्ण केलेल्या सर्वांना खुली, एकूण मनुष्यबळ कमी करणारी, आणि रिकामी झालेली जागा पुन्हा न भरणारी. तुमच्या एकट्याशी केलेला समझोता या व्याख्येत बसत नाही. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर त्या ५ लाखांवर उपकरासह १,५६,००० चा फरक पडतो. म्हणून एचआरला विचारा: ‘ही आयकर नियमांत बसणारी स्वेच्छानिवृत्ती योजना आहे का? टीडीएस कापताना सूट धरणार का?’ उत्तर लेखी घ्या. योजना नसेल तर शेवटचा दिवस आणि भरपाई मार्चऐवजी एप्रिलमध्ये नेता येते का पाहा. त्या वर्षी पगाराचं उत्पन्न कमी असण्याची शक्यता असेल तर तेवढ्याच रकमेवर कर कमी बसतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कंपनीच्या पोर्टलवर. ‘आज सिस्टीममध्ये राजीनामा टाकून ठेवा, पत्र नंतर येईल,’ असं सांगतात. तिथे कारणांची यादी उघडते: वैयक्तिक, उच्च शिक्षण, चांगली संधी. मर्जर त्यात नसतंच. घाईत ‘वैयक्तिक’ निवडलं की तो साधा राजीनामा होतो, आणि कंपनीने पुढे हात वर केले तर जागा रद्द झाल्याचा पुरावा तुमच्याकडे उरत नाही. गृहकर्जासोबत नोकरी जाण्याचा विमा घेतला असेल तर तोही स्वेच्छेच्या राजीनाम्याला सहसा पैसे देत नाही. सही करण्याआधी पॉलिसी वाचा. आधी दोन्ही बाजूंच्या सहीचा समझोता, मग राजीनामा, आणि त्यात असं वाक्य: ‘विलीनीकरणामुळे माझं पद रद्द झाल्याने, अमुक तारखेच्या समझोत्यातील अटींच्या अधीन राहून मी सेवा सोडत आहे.’ पोर्टल भरावंच लागलं तर शेऱ्याच्या चौकटीत हेच लिहा आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

समझोत्याच्या मसुद्यात ‘मागचे, आताचे, पुढचे सर्व दावे सोडले’ अशी ओळ असेल. ती साधारणपणे काढत नाहीत, पण ‘ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि मिळालेले शेअर वगळून’ एवढं जोडायला नकार फारसा येत नाही. जॉइनिंग किंवा रिटेन्शन बोनस घेतला असेल तर तो परत मागणार नाही, हे वेगळं लिहून घ्या. नाहीतर शेवटच्या हिशेबात तो गुपचूप वजा होतो. शेअरचे पर्याय वापरायची मुदत नोकरी सोडल्यावर पुष्कळदा ९० दिवसांचीच असते, ती वाढवून मागा, कंपनीला त्यात रोख द्यावी लागत नाही. आणि पैसे ‘क्लिअरन्सनंतर’ नव्हे, तारखेनिशी लिहा. लॅपटॉप परत केल्याची पोच एका विभागाकडून दुसऱ्याकडे पोचली नाही म्हणून महिनोन्‌महिने हिशेब अडकतो, तो याच एका शब्दामुळे.

कंपनीचा आरोग्य विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. घरात कुणाचं औषधपाणी चालू असेल तर त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेण्याचा अर्ज त्या दिवसाच्या आधी गेला पाहिजे, म्हणजे पूर्वीच्या आजारांसाठी आधीच पार पडलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. समझोत्यात पॅकेजच्या थोड्या रकमेऐवजी तीन-चार महिने विमा चालू ठेवण्याचं कलम मागितलं तर कंपनीला ते स्वस्त पडतं, आणि आईवडिलांचं वय सत्तरीच्या पुढे असेल तर तुम्हाला ते एका महिन्याच्या पगारापेक्षा मोलाचं ठरू शकतं.