तुम्ही विचारलंत म्हणून: आरएनए आणि न सापडलेलं प्रथिन

"आरएनए स्वतःच रासायनिक क्रिया घडवतो म्हणता, पण त्याला एखादं प्रथिन चिकटून राहिलेलं नव्हतं कशावरून?"

आरएनए हा क्रिया घडवू शकतो हे दाखवणारे रसायनशास्त्रज्ञ थॉमस चेक यांच्या प्रयोगशाळेलाही हीच शंका आली होती. तिचा त्यांनी कसा छडा लावला, तो भाग मला या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो.

टेट्राहायमेना हा गोड्या पाण्यातला एकपेशीय जीव. रायबोसोम म्हणजे पेशीत प्रथिनं जोडणारं यंत्र; टेट्राहायमेनात त्याचा आरएनए आधी लांब तयार होतो. मग त्यातला सुमारे ४१३ न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे आरएनएच्या साखळीतल्या तेवढ्या कड्यांचा, एक तुकडा, म्हणजे इंट्रॉन, कापून टाकला जातो आणि दोन्ही बाजूंचे एक्झॉन जोडले जातात. कोलोरॅडो विद्यापीठात चेक आणि त्यांचे सहकारी हे काम करणारं एन्झाइम शोधत होते. न कापलेला आरएनए घ्यायचा, त्यात पेशीकेंद्रकाचा अर्क घालायचा आणि इंट्रॉन सुटतो का ते जेलवर बघायचं, अशी त्यांची रीत. तुलनेसाठी एका नळीत अर्क घालत नसत. इंट्रॉन त्या नळीतही सुटला.

पहिला संशय अर्थातच प्रथिनावर गेला. आरएनए पेशीतूनच काढलेला होता, त्यामुळे एखादं प्रथिन त्याला घट्ट चिकटून आलं असणं सहज शक्य होतं. म्हणून त्यांनी तो आरएनए डिटर्जंटमध्ये उकळला, प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स त्यावर सोडली. तरीही इंट्रॉन सुटतच राहिला. पण एवढ्यावर शंका मिटत नाही. हे सगळं पचवून टिकणारं एखादं चिवट प्रथिन असूच शकतं.

मग १९८२ मध्ये त्यांनी पेशीच वगळली. इंट्रॉनसह जनुकाचा तो भाग प्लाझमिड या डीएनएच्या छोट्या वर्तुळात घातला आणि ई. कोलाय जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेज या आरएनए बनवणाऱ्या शुद्ध एन्झाइमकडून नळीतच आरएनए बनवून घेतला. या आरएनएचा टेट्राहायमेनाच्या पेशीशी कधी संबंधच आला नव्हता, त्यामुळे तिथलं प्रथिन त्याला चिकटण्याचा प्रश्नच उरला नाही. पॉलिमरेजही काढून टाकलं. शेवटी नळीत आरएनए, मॅग्नेशियम, क्षार आणि आरएनएच्याच घटकांपैकी एक असलेलं ग्वानोसिन एवढंच राहिलं, आणि इंट्रॉन अचूक जागी कापला जाऊन एक्झॉन जोडले गेले. तुमच्या शंकेचं खरं उत्तर हा प्रयोग आहे.

यातलं रसायनही समजून घेण्यासारखं आहे. ग्वानोसिन इथे ऊर्जा पुरवत नाही. जीटीपी म्हणजे तीन फॉस्फेट जोडलेलं ग्वानोसिन; त्याऐवजी फॉस्फेट नसलेलं साधं ग्वानोसिन दिलं तरी चालतं. इंट्रॉनची घडी त्याला एका खाचेत धरते. तिथून त्याचा हायड्रॉक्सिल गट पहिल्या एक्झॉनच्या शेवटच्या बंधावर हल्ला करतो. बंध तुटतो आणि ग्वानोसिन इंट्रॉनच्या पुढच्या टोकाला जोडलं जातं. आता मोकळ्या झालेल्या पहिल्या एक्झॉनचं टोक इंट्रॉनच्या मागच्या बंधावर हल्ला करतं. एक्झॉन जुळतात, इंट्रॉन बाहेर पडतो. दोन्ही वेळा एक बंध तुटतो आणि त्याच्या जागी तसाच दुसरा तयार होतो, म्हणून बाहेरची ऊर्जा लागत नाही. याची खूणही स्पष्ट मिळते: किरणोत्सारी फॉस्फरस असलेलं जीटीपी दिलं, तर ती खूण सुटलेल्या इंट्रॉनच्या पुढच्या टोकाला सापडते.

तरी एक आक्षेप उरत होता, आणि तो रास्त होता. एन्झाइम काम करून स्वतः जसंच्या तसं राहतं आणि पुन्हा कामाला लागतं. हा इंट्रॉन तर स्वतःलाच एकदा कापून मोकळा होतो. मात्र सिडनी ऑल्टमन यांच्या गटाने १९८३ मध्ये दाखवलं की आरनेज पी या एन्झाइममधला आरएनए प्रथिनाशिवायही इतर आरएनए रेणू एकामागून एक कापतो. १९८६ मध्ये चेक आणि आर्थर झॉग यांनी टेट्राहायमेनाच्या इंट्रॉनचाच थोडा आखूड केलेला तुकडा वेगळ्या आरएनएवर वारंवार काम करतो, हेही दाखवलं. चेक आणि ऑल्टमन यांना १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्याच १९८६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट यांनी जीवसृष्टीची सुरुवात आरएनएपासून झाली या कल्पनेसाठी 'आरएनए जग' हे नाव वापरलं. डीएनएला प्रथिनं लागतात आणि प्रथिनांना डीएनए लागतो, मग आधी कोण? माहिती साठवणं आणि क्रिया घडवणं ही दोन्ही कामं एकच रेणू करू शकत असेल, तर हा पेच सुटतो. पण टेट्राहायमेना एवढंच सांगतो की असं होऊ शकतं. तसं झालं होतं हे त्यातून सिद्ध होत नाही. त्या बाजूचा जास्त वजनदार पुरावा मला रायबोसोमचा वाटतो. २००० साली त्याच्या मोठ्या भागाची रचना बारकाईने दिसली, तेव्हा अमिनो आम्लं जोडली जातात त्या जागेभोवती फक्त आरएनए होता. म्हणजे प्रत्येक पेशीतली प्रथिनं आजही आरएनएच जोडतो.

या कल्पनेतला कच्चा दुवा आहे तो स्वतःची प्रत काढण्याचा. त्यासाठी आरएनएची नक्कल करणारा आरएनए हवा. २०११ मध्ये फिलिप होलिगर यांच्या गटाने बनवलेला असा रायबोझाइम, म्हणजे एन्झाइमसारखं काम करणारा आरएनए, अनुकूल साचा दिल्यावर ९५ न्यूक्लिओटाइडांपर्यंतची साखळी बनवू शकला. तो स्वतः मात्र सुमारे २०० न्यूक्लिओटाइडांचा होता. शिवाय अशा रायबोझाइमना मॅग्नेशियम भरपूर लागतं, आणि तेच मॅग्नेशियम आरएनएची साखळी हळूहळू तोडतही असतं.